‘बघू’ला तारीख लावताना

ती 31 वर्षांची, पुण्यात एका बँकेत नोकरीला, मूळची साताऱ्याची. तो 33 वर्षांचा, हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये, घर नागपूरला. चार वर्षांपासून दोघं एकमेकांचे आहेत आणि मित्रमंडळींत ते गृहीतच धरलेलं आहे. साताऱ्याला आईला कुणकुण आहे, बाबांना नाही. नागपूरला कोणालाच काही माहीत नाही. लग्नाचा विषय तिने आतापर्यंत सगळ्या तऱ्हांनी काढून पाहिला. कधी थट्टेत, कधी भांडणात, कधी मैत्रिणीच्या लग्नाहून परतताना गाडीत. त्याने एकदाही नकार दिलेला नाही. ‘बघू’, ‘हे प्रोजेक्ट संपू दे’, ‘ताईच्या लग्नाचं कर्ज फिटू दे’. प्रोजेक्ट संपलं, दुसरं लागलं.

हे जोडपं मी उदाहरणासाठी जुळवलेलं आहे, पण वाचकांपैकी अनेकांना ते ओळखीचं वाटेल. अशा जागी अडकलेल्या माणसाला आजूबाजूचे दोनच सल्ले देतात. एक म्हणजे ‘धीर धर, दबाव आणू नकोस’, आणि दुसरा ‘सरळ सांग, या महिन्यात काय ते ठरव, नाहीतर चालू लाग’. पहिल्यात वर्षं जातात. दुसऱ्यात नातं तरी तुटतं किंवा धास्तीपोटी होकार मिळतो, आणि त्या होकारावर पुढे संसार उभा करायचा असतो. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे. मुदत मागायची, पण ती समोरच्यावर रोखलेली बंदूक वाटू नये अशी मागायची. लोक समजतात की हा सुराचा प्रश्न आहे, म्हणजे गोड आवाजात म्हटलं की झालं. माझ्या मते सुराचा वाटा थोडाच आहे. निर्वाणीचा इशारा फक्त ऐकणाऱ्याला बांधतो. नीट मागितलेली मुदत मागणाऱ्यालाही बांधते.

हे कसं, ते समजायला आधी रोजचं चक्र बघावं लागेल. अँड्र्यू ख्रिस्टेन्सेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जोडप्यांच्या भांडणांचा अभ्यास करताना एका साच्याकडे लक्ष वेधलं: एक जण मागे लागतो, दुसरा आत आत जातो. मागे लागणाऱ्याला वाटतं, ‘हा टाळतो म्हणून मला पुन्हा पुन्हा विचारावं लागतं.’ टाळणाऱ्याला वाटतं, ‘ही सारखी विचारते म्हणून मी गप्प बसतो.’ दोघंही खरंच बोलत असतात, म्हणून तर चक्र थांबत नाही. आपल्या उदाहरणातल्या मुलीने दोन वर्षांत हा विषय इतक्यांदा काढलाय की आता तिने ‘ऐक ना’ म्हटलं तरी त्याचा चेहरा बदलतो. तो प्रश्नाचा विचार करतच नाही, प्रश्नातून सुटायचा विचार करतो. आणि त्या त्या वेळी सुटणं सोपंही असतं, कारण उत्तर आज दिलं नाही तरी काही बिघडत नाही हे त्याला अनुभवाने कळलेलं आहे.

तारीख ठरली की या चक्रातला एक पाय थांबू शकतो. ‘अमुक तारखेला बोलू’ असं ठरल्यावर मधल्या काळात तिने विचारायचं नाही. ही तिच्यावरची अट आहे आणि ती त्याला ऐकू येईल अशा शब्दांत सांगायची आहे. बहुतेक जण हेच विसरतात. तारीख देतात आणि रोजचा तगादाही चालू ठेवतात. मग तारखेचा उपयोग शून्य.

आता तारीख आणायची कुठून? इथे आपल्याकडे एक फार सोयीची पळवाट आहे: घरचे. ‘माझं काही म्हणणं नाही रे, पण आई मागे लागलीय. आत्याने एक स्थळ आणलंय. बाबा म्हणतात पाडव्यापर्यंत काय ते सांग.’ हे खरंही असेल. पण अशा वाक्याने काय होतं ते बघा. दबाव आणणारे आई-बाबा आणि त्यांच्यापासून वाचलेले आपण दोघं, अशी मांडणी होते. मग त्याच्या लेखी प्रश्नावरचा उपाय म्हणजे आई-बाबांना थोपवणं. ‘अगं, सांग ना त्यांना, अजून एक वर्ष करिअर करायचंय म्हणून.’ ती ते सांगते, वर्ष मिळतं आणि तिच्या मनातला प्रश्न कोणी विचारलेलाच नसतो. घरच्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवून मागितलेली मुदत घरच्यांनीच वाढवून दिली की संपते. शिवाय पुढे लग्न झालंच, तर सासरच्यांनी आपल्यावर जबरदस्ती केली ही नोंद त्याच्या मनात राहते ती वेगळीच.

तेव्हा तारीख स्वतःची हवी, आणि स्वतःच्या आयुष्यातल्या एखाद्या खऱ्या गोष्टीला टेकलेली हवी. आपल्या मुलीचं बघू. कोथरूडमध्ये ती दोन मैत्रिणींबरोबर राहते. अकरा महिन्यांचा भाडेकरार 31 मार्चला संपतोय, मैत्रिणी दोघीही जाणार आहेत. घरमालकाला महिनाभर आधी, म्हणजे फेब्रुवारीअखेर सांगायचंय. एकटीसाठी छोटं घर शोधायचं की दोघांसाठी, हा निर्णय तिला तसाही घ्यायचाच आहे. त्यामागचा मोठा निर्णयही तिने मनाशी घेतलाय: होणार नसेल तर 32व्या वर्षी ती या नात्यात राहणार नाही. भाडेकराराने तिला फक्त दिवस पुरवला. खरं कारण ती स्वतः आहे, आणि बोलताना हे दोन्ही वेगळं सांगायला हवं. नाहीतर तो म्हणेल, ‘एवढंच ना? दोन महिने वाकडला माझ्याकडे राहा.’ सामान हलेल, निर्णय होणार नाही.

हा धोका खरा आहे. डेन्व्हर विद्यापीठातले स्कॉट स्टॅन्ली आणि गॅलेना ऱ्होड्स यांनी, अनेक जोडपी ठरवून पुढे जाण्याऐवजी घसरत घसरत पुढे कशी जातात, यावर बरंच लिहिलंय. भाडं वाचतं म्हणून एकत्र राहणं, एकत्र राहतोच आहोत म्हणून सोफा घेणं, सोफा घेतलाय म्हणून वेगळं होणं अवघड. बाहेरून बघणाऱ्याला हे नातं घट्ट होताना दिसतं, पण आत कोणी काहीच ठरवलेलं नसतं.

ज्यांच्यासमोर असा करार, बदली किंवा परदेशी शिक्षणाचा प्रवेश असं काही नसतं, त्यांचं काय? मूल हवं असणं हे पुरेसं कारण आहे. बाईची गर्भधारणेची क्षमता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर वेगाने उतरते, हे कोणीही स्त्रीरोगतज्ज्ञ सांगेल. पण काही नसलं, तरी ‘मी इतकेच महिने या अधांतरी अवस्थेत राहू शकते’ हेही खरं कारण आहे. मात्र ते खरं असावं. घाबरवण्यासाठी खोटी तारीख काढली, की ती उलटून गेल्यावर दोघांनाही कळतं.

मुदत किती असावी? याचा काही नियम नाही. माझा अंदाज सहा ते दहा आठवड्यांचा. समोरच्याला घरी जाऊन यायचं असतं, पैशांचा हिशेब मांडायचा असतं, एखाद्या विश्वासू मित्राशी बोलायचं असतं. दोन आठवड्यांत हे होत नाही, आणि तशी मुदत सापळ्यासारखी वाटते. तीन महिन्यांच्या पुढे गेलं की पहिले दोन महिने कोणी विचारच करत नाही. तारीख वाढदिवसाला, ओळखीच्या वर्धापनदिनाला किंवा सणाला ठेवू नये. उत्तर नको ते आलं तर तो दिवस कायमचा नासतो. आणि माणूस सीए असेल तर मार्चअखेर सोडावी, एवढी माणुसकी हवीच.

आमच्या उदाहरणात संक्रांत झाल्यावर बोलायचं आणि 22 फेब्रुवारीला उत्तर, असं ती ठरवते. साधारण पाच-सहा आठवडे होतात. थोडे कमी आहेत, पण घरमालकाला सांगायचा दिवस त्याहून पुढे नेता येत नाही. बोलायच्या आधी दोन दिवस ती त्याला कल्पना देते: ‘रविवारी सकाळी मला आपल्या दोघांबद्दल बोलायचंय. भांडायचं नाहीये, अर्धा तास लागेल.’ अचानक गाठून बोललं, की माणूस आधी बचावात जातो. रात्री अकराला, भांडणाच्या शेपटाला किंवा व्हॉट्सॲपवर हे बोलणं करू नये. व्हॉट्सॲपवर तर मुळीच नाही, कारण तिथे ‘हम्म’ हे उत्तर चालतं.

रविवारी ती काय म्हणते, ते सगळंच देतो:

‘मला तुझ्याशी लग्न करायचंय. हे तुला माहीतच आहे, पण मी कधी असं सरळ म्हटलं नाही, नेहमी चिडूनच म्हटलं. मार्चअखेर हे घर सुटतंय आणि पुढचं घर कसं घ्यायचं ते मला फेब्रुवारीत ठरवायचंय. पण घर हे निमित्त आहे. खरं म्हणजे असं अर्धवट आता माझ्याच्याने राहवत नाही. तुला विचार करायला वेळ हवा हे मला मान्य आहे. 22 फेब्रुवारीला आपण पुन्हा असंच बसू. तोवर मी हा विषय काढणार नाही, टोमणेही मारणार नाही. त्या दिवशी तुझं उत्तर ‘नाही’ असलं तरी चालेल, म्हणजे मला त्रास होईल, पण मी तुझ्याशी भांडणार नाही. हो असेल तर घरी कधी बोलायचं ते आपण त्याच दिवशी ठरवू. आणि तेव्हाही ‘माहीत नाही’ असेल, तर मी एकटीचं घर घेईन आणि आपलं हे इथे थांबवेन. तुला शिक्षा म्हणून नाही. मला पुढे जायचंय म्हणून.’

यातली तीन वाक्यं काढून टाकली तर बाकीचं धमकी होतं. पहिलं, ‘मला तुझ्याशी लग्न करायचंय.’ जे हवं आहे ते आधी नाव घेऊन सांगितलं, की पुढची मुदत ही ओढीतून आलीय हे कळतं. फक्त मुदत ऐकणाऱ्याला तिच्यात राग तेवढा ऐकू येतो. दुसरं, ‘तोवर मी हा विषय काढणार नाही.’ हीच ती मागणाऱ्यावरची बेडी. तिसरं, ‘नाही असलं तरी चालेल.’ जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 साली एक सिद्धांत मांडला. माणसाला आपलं स्वातंत्र्य कोणी हिरावतंय असं वाटलं, की हिरावला जाणारा पर्यायच त्याला जास्त हवासा वाटू लागतो. ‘हो म्हणच’ असं ऐकल्यावर ‘नाही’ची गोडी वाढते. नकाराचं दार खरोखर उघडं दिसलं, तरच माणूस होकाराकडे मोकळ्या मनाने बघू शकतो.

शेवटची दोन-तीन वाक्यं कितीही मऊ केली तरी टोचतात, हे कबूल करायला हवं. तारीख म्हणजे दबावच. पण आपण काय करणार हे लपवून ठेवायचं आणि 22 तारखेला अचानक उठून जायचं, हे जास्त क्रूर आहे. परिणाम सांगायचा तो आपल्या पुढच्या पावलाच्या रूपात: मी घर घेईन, मी थांबेन. ‘मी तुझ्या आईला फोन करीन’, ‘मी जिवाचं काही करून घेईन’, ‘केस करीन’ ही आपली पावलं नव्हेत, ते समोरच्यावरचे वार आहेत. तिथे निर्वाणीच्या इशाऱ्याचीही हद्द ओलांडलेली असते. खरोखर फसवणूक झाली असेल तर कायद्याकडे जरूर जावं, पण लग्नाचं उत्तर काढण्यासाठी कायदा वापरू नये.

हे बोलण्याआधी स्वतःची एक परीक्षा घ्यावी. 22 तारखेला तो ‘नाही’ म्हणाला, तर 23 तारखेला मी खरंच घर शोधायला लागेन का? उत्तर ‘माहीत नाही’ असं येत असेल, तर मुदत मागायची वेळ अजून आलेली नाही. एकदा फसवी ठरलेली तारीख पुन्हा लावता येत नाही. दुसऱ्या वेळी समोरचा माणूस नुसता वाट बघत बसतो, कारण पहिल्या वेळी काही झालं नव्हतं.

मधले आठवडे सगळ्यात अवघड. विषय काढायचा नाही म्हणजे फक्त प्रश्न विचारायचा नाही, एवढंच नसतं. दुसऱ्यांच्या साखरपुड्याचे फोटो पाठवायचे नाहीत. एकदम जास्त लाड करायचे नाहीत आणि अबोलाही धरायचा नाही. त्याच्या बहिणीला मध्ये घालायचं नाही. मैत्रिणीकडे, आईकडे, डायरीत काय ओतायचं ते ओतावं. मधल्या काळात तो स्वतःहून विषय काढतो का, हे मात्र शांतपणे बघावं. ‘अगं, बाबांची तब्येत बघता लगेच शक्य होईल का?’ किंवा ‘कर्जाचे किती हप्ते उरलेत ते बघितलं मी’ असं तो म्हणत असेल, तर आत काहीतरी चाललंय. भीती सांगणं हेसुद्धा विचार करण्याचंच लक्षण आहे. पाच आठवड्यांत एक शब्द नाही, उलट जास्तच लाघवी वागणं आणि 22 तारखेच्या आसपास नेमका मित्रांबरोबर अलिबागचा बेत, हेही उत्तराचंच एक रूप असू शकतं. पण तेवढ्यावरून निकाल लावू नये, तारखेला बसावंच.

मुलगा मुदत मागतो आणि मुलगी टाळते, असंही होतंच. तिथे बहुधा अडचण मनाची नसते, घरची असते: जात, पत्रिका, मोठ्या बहिणीचं लग्न. मग प्रश्नच बदलायला हवा. ‘लग्न करशील ना?’ याला ती ‘हो’च म्हणणार, गेली तीन वर्षं म्हणतेय. विचारायचं ते ‘घरी कधी सांगशील, आणि मी तेव्हा कुठे असलेलं तुला बरं वाटेल?’ हे. तिला घरून मारहाणीची, कोंडून ठेवण्याची भीती असेल, तर तिच्यावर तारीख लादणं चूक आहे. आधी तिची सुरक्षितता बघायला हवी. तसंच जोडीदारच धमकावणारा, पाळत ठेवणारा असेल, तर त्याला मुदत सांगून सोडायला जाऊ नये. तिथे आधी आपली माणसं गाठावीत, मग बोलावं.

आता 22 तारीख. नकार आणि होकार या दोन उत्तरांपैकी होकारच जास्त फसवा असतो. ‘हो गं, करू ना लग्न’ हे पुन्हा ‘बघू’च असू शकतं, फक्त आनंदात बोललेलं. होकाराला कृती आणि दिवस जोडलेला हवा. नागपूरला आई-बाबांना कधी सांगायचं? मार्चमधल्या कोणत्या शनिवार-रविवारी? दोन्हीकडची माणसं कुठे भेटतील? घरच्यांचा विरोध झाला तर नोंदणी लग्न करायची तयारी आहे का? त्यासाठी विशेष विवाह कायद्याखाली दोघांपैकी एक जण किमान 30 दिवस राहत असलेल्या जिल्ह्यात नोटीस द्यावी लागते. मग 30 दिवस थांबावं लागतं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर ती नोटीस रद्द होते. 1954 सालच्या कायद्यालाही थांबायला लावणं आणि मुदत घालणं, दोन्ही गरजेचं वाटलेलं दिसतं.

आणि त्याने मुदतवाढ मागितली तर? आपल्या उदाहरणात तो म्हणतो, ‘बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन 10 मार्चला ठरलंय. आत्ता घरी सांगितलं तर सगळं त्याच्याभोवती फिरेल.’ हे कारण खरं आहे. पण इथे एक खूण बघायची: नवी तारीख कोण सुचवतंय? ‘ते एकदा होऊ दे, मग बघू’ म्हटलं तर आपण होतो तिथेच आहोत. ‘बाबा घरी आले की दोन आठवड्यांनी, 28 मार्चच्या शनिवार-रविवारी मी नागपूरला जाऊन सांगतो. आई-बाबा काय म्हणतील माहीत नाही, पण मी सांगणार’ असं तो स्वतःहून म्हणाला, तर ती मुदतवाढ द्यावी. एकदाच. कारण आता तारीख त्याची आहे, ती पाळायची जबाबदारीही त्याची. घरमालकाला तिने तरीही ठरल्या दिवशी एकटीच्या घरासाठी सूचना द्यावी. दोघांचं घर नंतर घेता येतं.

उत्तर ‘नाही’ किंवा पुन्हा ‘माहीत नाही’ आलं, तर त्याच बैठकीत कारणं खणत बसू नये. ‘बरं. मला वाटलंच होतं’ हेही म्हणू नये. वचन दिलं होतं भांडणार नाही म्हणून, ते पाळावं. एकत्र घेतलेला फ्रिज, त्याच्या नावावरचं तिचं सिमकार्ड, दोघांनी मिळून भरलेली गोव्याची बुकिंग, एकमेकांच्या घरातल्या चाव्या या सगळ्यासाठी पुढच्या आठवड्यातला एक दिवस ठरवावा. तो हिशेब लिहून करावा आणि शक्यतो तिसरं माणूस बरोबर ठेवावं.